रेसिड्युअल प्लॉट कसा वाचायचा: ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरावर थांबते?

लिनिअर रिग्रेशन नव्याने शिकणारे बहुतेक जण `summary()` चं आउटपुट उघडतात, आर-स्क्वेअर पाहतात, पी-व्हॅल्यूपुढचे तारे मोजतात आणि पुढे जातात. मॉडेलचा साचाच चुकलाय का, हे त्या तक्त्यात सहसा दिसत नाही. ते दिसतं रेसिड्युअलच्या आलेखात. रेसिड्युअल म्हणजे प्रत्यक्ष मूल्य वजा मॉडेलने दिलेला अंदाज. हा आलेख वाचायचा कसा, हे आपण एकच डेटा शेवटपर्यंत धरून पाहू.

डेटा आर या भाषेसोबतच येतो, नाव `cars`. १९२० च्या दशकातल्या मोटारींच्या ५० नोंदी आहेत. `speed` म्हणजे ताशी मैलांतला वेग (४ ते २५) आणि `dist` म्हणजे थांबेपर्यंत गाडीने कापलेलं अंतर, फुटांत (२ ते १२०). डेटा छोटा आहे, त्यामुळे एकेका ठिपक्यापर्यंत जाता येतं. शिवाय वेग आणि थांबण्याचं अंतर यांचं नातं भौतिकशास्त्रातून आधीच ठाऊक असल्यामुळे आलेख खरं सांगतोय का, हे ताडून बघता येतं.

पायरी १: सरळ रेष बसवा आणि तक्त्यावर फार विसंबू नका

```r
m1 <- lm(dist ~ speed, data = cars)
summary(m1)
```

उतार ३.९३ येतो, म्हणजे वेग ताशी एका मैलाने वाढला की अंतर सुमारे चार फुटांनी वाढतं. आर-स्क्वेअर ०.६५. उताराची पी-व्हॅल्यू इतकी लहान की पुढे तीन तारे. रेसिड्युअल स्टँडर्ड एरर १५.३८ फूट. सगळं ठीकठाक वाटतं.

पण इंटरसेप्ट आहे −१७.५८. उभी गाडी उणे साडेसतरा फुटांत थांबते! "शून्य वेग डेटात नाहीच, इंटरसेप्टला अर्थ नसतो" असं यावर म्हणतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. इथे मात्र ताशी ४ मैल वेग डेटात आहे आणि त्या वेगालाही मॉडेलचा अंदाज −१.८५ फूट येतो. त्याच वेगाचा ९५ टक्क्यांचा प्रेडिक्शन इंटरव्हल काढला तर तो साधारण −३४ ते +३१ फूट निघतो. प्रत्यक्ष नोंदी आहेत २ आणि १० फूट. हा एवढा रुंद पट्टा आला कुठून, ते पुढे कळेलच.

पायरी २: आलेख काढा, पण आडव्या अक्षावर योग्य गोष्ट ठेवा

```r
plot(fitted(m1), resid(m1))
abline(h = 0, lty = 2)
lines(lowess(fitted(m1), resid(m1)), col = "red")
```

आडव्या अक्षावर मॉडेलचे अंदाज, उभ्या अक्षावर रेसिड्युअल, मध्ये शून्याची तुटक रेष आणि ठिपक्यांच्या मधून जाणारी एक गुळगुळीत लाल रेष. `plot(m1, which = 1)` दिलंत तरी जवळपास हेच मिळतं.

नवशिक्यांची एक हमखास चूक म्हणजे आडव्या अक्षावर अंदाजाऐवजी प्रत्यक्ष `dist` ठेवणं. मग आलेखात वर चढणारा कल दिसतो आणि मॉडेल बिघडल्याची शंका येते. पण तो कल प्रत्येक मॉडेलमध्ये येणारच, कारण रेसिड्युअल हा प्रत्यक्ष मूल्याचाच एक भाग आहे. साध्या लिनिअर मॉडेलमध्ये १ मधून आर-स्क्वेअर वजा करून जो आकडा येतो, त्याच्या वर्गमुळाएवढं या दोहोंतलं कोरिलेशन असतं. आपल्याकडे ते ०.५९ भरतं, मॉडेल चांगलं असो की वाईट. अंदाजांशी रेसिड्युअलचं कोरिलेशन मात्र गणितानेच शून्य असतं. म्हणून तिथे काही आकार दिसला तर त्याला अर्थ असतो.

पायरी ३: आधी मधली रेष पाहा

आलेख उघडल्याबरोबर डोळा ठिपक्यांच्या पसाऱ्याकडे जातो. तो थोडा वेळ बाजूला ठेवा. पहिला प्रश्न असा: लाल रेष शून्याच्या आसपास आडवी जाते, की वाकते? ती वाकत असेल तर वेग आणि सरासरी अंतर यांचं नातंच आपण चुकीचं धरलंय.

`cars` मध्ये रेषेची दोन्ही टोकं वर आहेत आणि मधला भाग खाली. आकड्यांत बघा. सर्वांत कमी वेगाच्या सहा नोंदींच्या (ताशी ४ ते ९ मैल) रेसिड्युअलची सरासरी +२.७ फूट, सर्वांत जास्त वेगाच्या सात नोंदींची (२२ ते २५) +७.२ आणि मधल्या ३७ नोंदींची −१.८. वक्र नात्यातून सरळ रेष ओढली की दोन्ही टोकांना ती खरं मूल्य कमी सांगते आणि मध्ये जास्त. इथे तेच झालंय.

भौतिकशास्त्रही हेच सांगतं. थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी तशीच धावते, आणि हे अंतर वेगाच्या प्रमाणात वाढतं. ब्रेक लागल्यानंतर गाडी घसटत जाते ते अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग शून्य तर अंतरही शून्य. म्हणजे योग्य साचा असा:

```r
m2 <- lm(dist ~ 0 + speed + I(speed^2), data = cars)
```

`0 +` मुळे इंटरसेप्ट निघून जातो. उत्तर येतं १.२४ गुणिले वेग अधिक ०.०९०१ गुणिले वेगाचा वर्ग. ताशी ४ मैलांना अंदाज आता ६.४ फूट, तिथले रेसिड्युअल −४.४ आणि +३.६.

इथे दोन सापळे आहेत. या मॉडेलचा आर-स्क्वेअर ०.९१ दिसतो आणि ०.६५ वरून ०.९१ ही उडी पाहून लोक खूश होतात. ती उडी खोटी आहे. इंटरसेप्ट काढला की सॉफ्टवेअर आर-स्क्वेअर सरासरीपासून नव्हे तर शून्यापासून मोजतं, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. तुलना करायची तर रेसिड्युअल स्टँडर्ड एररची करा: १५.३८ चं १५.०२ झालंय, म्हणजे सुधारणा आहे पण माफक.

दुसरा सापळा उलट दिशेचा. इंटरसेप्ट ठेवून सरळ मॉडेलमध्ये फक्त वर्गाचं पद घातलं तर त्या पदाची पी-व्हॅल्यू ०.१४ येते. "सिग्निफिकंट नाही, म्हणजे नातं सरळच आहे" असा निष्कर्ष काढू नका. ५० नोंदी आणि एवढा पसारा असताना वाकण्याचा पुरावा कमजोरच मिळणार. इंटरसेप्ट, वेग आणि वेगाचा वर्ग ही तीनही पदं एकमेकांचं काम वाटून घेतात, त्यामुळे एकाचंही श्रेय पक्कं होत नाही. विषयाचं ज्ञान आणि उणे अंतराचा अंदाज हे दोन पुरावे माझ्या लेखी त्या ०.१४ पेक्षा वजनदार आहेत.

पायरी ४: आता पसारा पाहा

आता ठिपके शून्याच्या रेषेभोवती किती पसरलेत ते बघा. `m1` च्या आलेखात डावीकडे ते जवळजवळ आहेत आणि उजवीकडे नरसाळ्यासारखे फाकत जातात. सर्वांत कमी वेगाच्या १५ नोंदींचे रेसिड्युअल −१५.६ ते +१२.३ या पट्ट्यात आहेत, सर्वांत जास्त वेगाच्या १५ नोंदींचे −२९.१ ते +४३.२ मध्ये. स्टँडर्ड डेव्हिएशन अनुक्रमे ८.६ आणि १८.१, म्हणजे दुपटीहून जास्त. चुकांचा पसारा असा असमान असणं म्हणजेच हेटेरोस्केडॅस्टिसिटी.

दोन्ही गटांत मी मुद्दाम सारख्या, म्हणजे पंधरा-पंधरा नोंदी घेतल्या. ठिपके जिथे जास्त असतात तिथे पसारा आपोआप जास्त दिसतो, कारण नोंदी वाढल्या की टोकाचा एखादा ठिपका सापडतोच. मध्ये गर्दी आणि कडेला विरळ ठिपके असले की पट्टा मध्ये फुगलेला वाटतो आणि तो भास असू शकतो. म्हणून उंचीबरोबर दाटीही पाहा. लाल रेषेच्या टोकांबाबतही जपून राहा. तिथे ती दोन-चार ठिपक्यांच्या ओढीने वळते.

पसारा नुसता पाहायचा असेल तर `plot(m1, which = 3)` वापरा. त्यात प्रमाणित रेसिड्युअलचं चिन्ह काढून त्याचं वर्गमूळ घेतलेलं असतं, त्यामुळे नरसाळ्याऐवजी चढणारी रेष दिसते आणि ती ओळखणं सोपं जातं.

आता ताशी ४ मैलांच्या त्या विचित्र पट्ट्याचा उलगडा होतो. मॉडेलने सगळीकडे १५.३८ फूट हा एकच पसारा धरला. कमी वेगाला तो वाजवीपेक्षा फार जास्त आहे, जास्त वेगाला कमी. म्हणजे जिथे गाडी धडकण्याचा धोका खरा आहे, तिथेच मॉडेल नको तितकं निर्धास्त आहे.

पायरी ५: दिसतंय ते खरं की योगायोग?

माणसाच्या डोळ्याला आकार शोधायची खोड असते. त्यावर मला सर्वांत आवडणारा उपाय असा: मॉडेल पूर्ण बरोबर असतं तर आलेख कसे दिसले असते, ते बनवून घ्यायचं आणि खरा आलेख त्यांच्यात लपवायचा.

```r
k <- sample(9, 1)
par(mfrow = c(3, 3), mar = c(2, 2, 1, 1))
for (i in 1:9) {
  y <- if (i == k) cars$dist else simulate(m1)[[1]]
  m <- lm(y ~ speed, data = cars)
  plot(fitted(m), resid(m), xlab = "", ylab = "")
}
```

नऊपैकी आठ आलेख बनावट आहेत. ज्याने डेटा पाहिलेला नाही अशा कुणाला तरी "यातला वेगळा कोणता?" असं विचारा आणि मग `k` छापून ताळा पाहा. त्याला ओळखता आलं नाही तर तुम्हाला दिसलेल्या नरसाळ्यावर फार भिस्त ठेवू नका.

औपचारिक चाचण्याही आहेत. सर्वांत परिचित १९७९ सालची ब्रॉइश-पेगन चाचणी. गंमत अशी की `lmtest` पॅकेजचं `bptest(m1)` ०.०७३ ही पी-व्हॅल्यू देतं आणि `car` पॅकेजचं `ncvTest(m1)` ०.०३१. डेटा तोच, मॉडेल तेच, पण ५ टक्क्यांची रेघ धरून बसलं तर निकाल उलटसुलट. कारण `ncvTest` मूळ रूप वापरतं, ज्यात चुका नॉर्मल वितरणाच्या आहेत असं गृहीत धरलेलं असतं. `bptest` मुळातच ते गृहीतक सैल केलेलं रूप वापरतं. आपल्या डेटात वरच्या बाजूला लांब शेपटी आहे, त्यामुळे दोघांत फरक पडला. शिवाय या चाचण्या पसारा बदलतोय एवढंच सांगतात. का बदलतोय, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, आणि काम तर त्या 'का'वरच अडतं.

पायरी ६: नरसाळं का झालं, ते शोधा

पसारा असमान दिसला की रोबस्ट स्टँडर्ड एरर लावायचे आणि मोकळं व्हायचं, अशी एक सवय फार पसरली आहे. `sandwich` पॅकेजने ते दोन ओळींत होतंही. त्याने उताराच्या अनिश्चिततेचा आकडा जास्त प्रामाणिक होतो, हे खरं. पण रेष जागची हलत नाही. −१७.५८ तसाच राहतो आणि प्रेडिक्शन इंटरव्हलही सुधारत नाही. मधली रेषच वाकडी असेल तर रोबस्ट एरर म्हणजे चुकीच्या उत्तराची नेटकी अनिश्चितता.

नरसाळं पुष्कळदा एखादं व्हेरिएबल राहून गेल्याची खूण असतं. हा छोटा प्रयोग चालवून पाहा:

```r
set.seed(7)
x <- runif(200, 1, 10)
g <- rep(0:1, 100)
y <- 5 + 2*x + 1.5*g*x + rnorm(200)
m <- lm(y ~ x)
plot(fitted(m), resid(m), col = g + 1)
```

इथे चुकांचा पसारा सगळीकडे सारखा, स्टँडर्ड डेव्हिएशन १. तरीही आलेखात ठळक नरसाळं उमटतं. दोन गटांचे उतार वेगळे आहेत (२ आणि ३.५), मॉडेलने मधला एकच उतार धरला, म्हणून `x` वाढेल तसे दोन्ही गट रेषेपासून दूर जातात. रंगांमुळे हे लगेच दिसतं. रंग नसते तरी एक खूण आहे: उजव्या टोकाला वर-खाली ठिपके आहेत पण मध्ये पोकळी. खरोखर असमान पसाऱ्यात मधला भाग भरलेला असतो. `lm(y ~ x * g)` बसवलं की नरसाळं नाहीसं होतं. अशा वेळी रोबस्ट एरर लावून थांबलात तर दोन गट आहेत हे कधीच कळणार नाही. म्हणून तुमच्या डेटात शाखा, ऋतू, यंत्र असं जे काही गटवार नोंदलेलं असेल, त्याने रेसिड्युअल रंगवून पाहा. मॉडेलमध्ये नसलेल्या प्रत्येक संख्यात्मक व्हेरिएबलसमोरही रेसिड्युअलचा आलेख काढा.

`cars` मध्ये असं काही नोंदलेलंच नाही. पण कारण तर्काने सापडतं. ब्रेकनंतरचं अंतर घर्षणावर अवलंबून असतं, आणि ब्रेक, टायर, रस्ता प्रत्येक वेळी वेगळा. ताशी ४ मैलांना वाईट आणि चांगल्या ब्रेकमधला फरक काही फुटांचा, २४ मैलांना तोच फरक कितीतरी पटींनी मोठा. प्रयोगात दोन गट होते, इथे जणू प्रत्येक नोंदीचा उतार निराळा. म्हणूनच `m2` मध्ये मधली रेष सुधारली तरी नरसाळं उरतंच: ताशी २४ मैलांचे रेसिड्युअल −११.७ पासून +३८.३ पर्यंत जातात. राहून गेलेलं व्हेरिएबल मिळणार नाही म्हटल्यावर पसारा जसा आहे तसा मॉडेलमध्ये घ्यावा लागतो.

पायरी ७: दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी

पहिला मार्ग अंतराचं वर्गमूळ घेण्याचा:

```r
m3 <- lm(sqrt(dist) ~ speed, data = cars)
```

वर्गमूळ मोठ्या आकड्यांना जास्त दाबतं, त्यामुळे वाक आणि नरसाळं दोन्ही एकदम आवरतात. तेच पंधरा-पंधराचे गट घेतले तर स्टँडर्ड डेव्हिएशन आता ०.९० आणि १.०१. अंदाज फुटांत हवा तर वर्ग करावा लागतो: ताशी २४ मैलांना ९.०१५ चा वर्ग, म्हणजे सुमारे ८१ फूट. हा आकडा मध्यकाच्या जवळचा असतो. सरासरी हवी असेल तर त्यात रेसिड्युअल स्टँडर्ड एररचा वर्ग, म्हणजे १.१०२ चा वर्ग, मिळवा. तो सुमारे १.२ फूट भरतो. इथे फरक किरकोळ आहे, पण लॉग घेतलेल्या मॉडेलमध्ये ही गोष्ट विसरणं महागात पडू शकतं.

दुसरा मार्ग वजनांचा आणि मला इथे तोच जास्त पटतो, कारण भौतिकशास्त्राचा साचा तसाच राहतो:

```r
m4 <- lm(dist ~ 0 + speed + I(speed^2),
         data = cars, weights = 1/speed^2)
```

पसारा वेगाच्या प्रमाणात वाढतो असं धरलंय, म्हणून जास्त वेगाच्या नोंदींना कमी वजन. सहगुणक येतात १.२६ आणि ०.०८९. त्यांचा अर्थ लावता येतो. ताशी एक मैल म्हणजे सेकंदाला १.४७ फूट, म्हणजे १.२६ फूट कापायला सुमारे ०.८६ सेकंद: हा चालकाचा प्रतिसादाचा वेळ. ०.०८९ वरून गाडी मंदावण्याचा दर सेकंदाला सेकंदामागे १२ फुटांच्या आसपास निघतो, गुरुत्वत्वरणाच्या ३८ टक्क्यांच्या घरात. आकडे बुद्धीला पटतात. मात्र वेगाच्या सहगुणकाची अनिश्चितता मोठी आहे, त्यामुळे ०.८६ सेकंदांवर फार विसंबू नका.

हे तपासताना एक गफलत होते. `resid(m4)` चा आलेख काढला तर नरसाळं तसंच दिसतं आणि वजनं फुकट गेली असं वाटतं. `resid()` साधे, फुटांतलेच रेसिड्युअल देतं. वजनं लक्षात घेणारे रेसिड्युअल `rstandard(m4)` किंवा `weighted.residuals(m4)` ने मिळतात. वजनी रेसिड्युअलचं त्याच दोन गटांतलं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.८५ आणि ०.७७ येतं. म्हणजे वेगाच्या प्रमाणात धरलेला पसारा बऱ्यापैकी बसला, फार तर कमी वेगाकडे किंचित जास्त.

राहिला २३ क्रमांकाचा ठिपका: वेग १४, अंतर ८० फूट. तो जवळपास प्रत्येक आलेखात वर उठून दिसतो. `m3` मध्ये त्याचा रेसिड्युअल ३.१५, साधारण तीन स्टँडर्ड एररएवढा. काढून टाकण्याचा मोह होतो. त्याआधी तो नेमकं काय बदलतो ते पाहा. वेग सरासरीच्या (१५.४) जवळ असल्यामुळे रेषेवर त्याची पकड कमी आहे: तो वगळला तर उतार ०.३२२ वरून ०.३२६ होतो, बस्स. रेसिड्युअल स्टँडर्ड एरर मात्र १.१० वरून १.०१ वर येतो, म्हणजे अंदाजाचे पट्टे आठ टक्क्यांनी अरुंद होतात. नोंद चुकीची लिहिली गेली असा पुरावा नसेल तर मी तो ठेवतो. ताशी चौदा मैलांवरून थांबायला ऐंशी फूट घेणारी गाडी रस्त्यावर असू शकते, आणि पट्टा तिलाही धरूनच असायला हवा.